फ्रॅक्शनेशन: रेडिएशनचा डोस तुकड्यातुकड्यांत का देतात

फ्रॅक्शनेशन म्हणजे कॅन्सरवरच्या रेडिएशनचा ठरलेला एकूण डोस एका दमात न देता रोज थोडा थोडा करून बऱ्याच सिटिंगमध्ये देणं. रूढ पद्धत अशी की रोज २ ग्रे, ग्रे म्हणजे टिश्यूत शोषलेलं रेडिएशन मोजायचं एकक, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, म्हणजे बेरीज ६० ते ७० ग्रेच्या घरात जाते. यामागे मुख्यतः दोन गोष्टी सांगतात, रिपेअर आणि रिऑक्सिजनेशन, आणि त्यांची फार सरमिसळ होते. रिपेअर म्हणजे पेशीने आपल्या डीएनएची डागडुजी करणं, याचा जास्त फायदा नॉर्मल टिश्यूला मिळतो. रिऑक्सिजनेशन म्हणजे ऑक्सिजनला मुकलेल्या पेशींना तो पुन्हा मिळणं, ते मात्र ट्यूमरमध्ये घडतं, नॉर्मल टिश्यूला त्यातून थेट काहीच मिळत नाही, फक्त ट्यूमरच्या चिवट पेशी मारायला सोप्या होतात आणि त्यामुळे झेपेल एवढ्या डोसमध्ये काम भागतं.

सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ च्या अखेरीला एका लहान मुलीच्या केसाळ चामखिळीवर अनेक सिटिंगमध्ये एक्स-रे दिले, म्हणून काहीजण फ्रॅक्शनेशनचा जन्म तिथेच मानतात. पण त्या काळच्या ट्यूबच अशा कमजोर आणि लहरी होत्या की तुकड्यांत देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्यामुळे याला पद्धत म्हणण्यापेक्षा नाइलाज म्हणणं जास्त बरोबर वाटतं. पुढे ट्यूब दमदार झाल्या तेव्हा जर्मनीत, विशेषतः एरलांगेनमध्ये, उलटाच आग्रह सुरू झाला की एकाच मोठ्या डोसात ट्यूमर संपवायचा, उरलेल्या पेशींना सावरायला वेळच द्यायचा नाही.

याच्या विरुद्ध बाजूला पॅरिसचे क्लॉद रगो. साधारण १९१० च्या दशकापासून १९२७ पर्यंत त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मेंढ्यांच्या वृषणावर काम चाललं होतं. एकाच डोसात मेंढा कायमचा नापीक करायला जावं तर वृषणावरची कातडी भयंकर जळायची, पण तोच मारा काही दिवसांच्या अंतराने वाटून दिला की मेंढा नापीक व्हायचा आणि कातडी बऱ्यापैकी वाचायची. रगो यांनी वृषण म्हणजे सतत वाढणारा ट्यूमर आणि कातडी म्हणजे नॉर्मल टिश्यू असं धरलं. त्यांचेच सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरवर लावली आणि खोलवरचे ट्यूमर भयानक इजा न होता बरे होताना दिसले, तिथून जर्मन बाजू मागे पडत गेली.

इथे एक मेख आहे जी जुन्या नोंदींत बहुतेक सुटते. रगो यांचा निष्कर्ष टिकला, पण त्यांनी दिलेलं कारण आजचं नव्हे. त्यांचं म्हणणं असं की पेशी विभाजनाच्या वेळी जास्त नाजूक असते आणि मारा लांबवला की प्रत्येक पेशी कधी ना कधी त्या अवस्थेत सापडते. रिपेअरचा पुरावा तेव्हा नव्हताच, आणि वृषणात ट्यूमरसारखा ऑक्सिजनचा तुटवडाही नसतो, म्हणजे रिऑक्सिजनेशन त्या मेंढ्यांत दिसणं शक्यच नव्हतं. त्यात वृषण हा अवयवच अपवाद निघाला, तिथे वाटून दिलेला डोस एकदम दिलेल्यापेक्षा जास्त मारक ठरतो, बाकी बहुतेक टिश्यूंत उलट घडतं. त्यामुळे मेंढ्यांना फ्रॅक्शनेशनचा सिद्धांत म्हणण्यापेक्षा नशिबाने बरोबर ठरलेलं मॉडेल म्हणणाऱ्यांची बाजू जास्त पटते.

रिपेअरचा सरळ पुरावा एल्काइंड आणि सटन यांनी १९५९-६० च्या सुमारास दिला. चायनीज हॅमस्टरच्या पेशींना साधारण १५.६ ग्रे एकदम दिले तर हजारात ५ च्या आसपास जगायच्या. तोच डोस जवळपास निम्मा-निम्मा करून मध्ये दोन तास थांबून दिला तर हजारात २० जगल्या, चौपट. पहिल्या डोसातून वाचलेल्या पेशींनी अर्धवट झालेली इजा त्या वेळात भरून काढली आणि दुसऱ्या डोसाला त्या जणू नव्याने सामोऱ्या गेल्या.

पण दुरुस्ती तर ट्यूमरची पेशीही करते, मग फायदा कुणाला? उत्तर अल्फा आणि बीटा या दोन आकड्यांत आहे. अल्फा म्हणजे डोसच्या सरळ प्रमाणात होणारा, दुरुस्त न होणारा घात. बीटा म्हणजे डोसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा घात, म्हणजे छोट्या डोसात अगदी कमी आणि मोठ्या डोसात एकदम भारी, आणि डोस तुकड्यांत दिल्यावर वाचतो तो हाच भाग. दोघांचं गुणोत्तर बहुतेक वेगाने वाढणाऱ्या ट्यूमरसाठी १० ग्रेच्या आसपास धरतात, आणि मज्जारज्जू, फुप्फुस, त्वचेखालचा थर अशा उशिरा बिघडणाऱ्या टिश्यूंसाठी ३ च्या आसपास. आकडा जितका लहान तितका तो टिश्यू फ्रॅक्शनच्या, म्हणजे एका सिटिंगमधल्या डोसच्या, आकाराला जास्त हळवा. हिशोब या सूत्राने करतात, BED म्हणजे टिश्यूवर होणाऱ्या परिणामाच्या मापाने धरलेला डोस, n म्हणजे फ्रॅक्शनची संख्या आणि d म्हणजे एका फ्रॅक्शनचा डोस:

```
BED = n × d × (1 + d / (α/β))
```

आता ३० वेळा २ ग्रे घ्या, एकूण ६० ग्रे. ट्यूमरसाठी उत्तर येतं ७२. तोच परिणाम ८-८ ग्रेच्या फक्त पाच सिटिंगमध्येही मिळतो, एकूण ४० ग्रे, ट्यूमरसाठी पुन्हा बरोबर ७२. कागदावर तर २० ग्रे वाचले असंच वाटेल, पण उशिरा बिघडणाऱ्या टिश्यूसाठी ३ धरून तेच गणित करा, ३० सिटिंगमध्ये १०० येतात आणि पाच सिटिंगमध्ये जवळपास १४७, म्हणजे रोज २ च्या भाषेत सांगायचं तर त्या टिश्यूला ६० नाही, ८८ ग्रे बसले. ट्यूमरला सारखाच मार आणि शेजारच्या नसांना किंवा मज्जारज्जूला दीडपट, फ्रॅक्शनेशनचा सगळा अर्थ या एका उदाहरणात आहे.

हे गणित शेजारच्या टिश्यूला ट्यूमरइतकाच डोस मिळतो असं धरून आहे. किरणं नेमकी नेम धरून मारली आणि शेजाऱ्याला निम्माच डोस गेला तर ३० सिटिंगमध्ये ४० आणि पाच सिटिंगमध्ये ४७ येतात, फरक बराच आटतो. स्टिरिओटॅक्टिक पद्धतीत मोजक्याच मोठ्या सिटिंग चालतात त्या बऱ्याच अंशी यामुळे, मात्र साधारण ८-१० ग्रेच्या वरच्या फ्रॅक्शनला हे सूत्र कितपत लागू पडतं यावर अजून वाद आहे.

त्वचा लाल होणं किंवा तोंड येणं हे दोन-तीन आठवड्यांत दिसतं, पण ते टिश्यू ट्यूमरसारखेच वागतात, त्यांचं गुणोत्तरही १० च्या जवळ. उशिराची इजा महिन्यांनी, वर्षांनी येते, आणि आधीच्या रिअॅक्शनवरून तिचा खात्रीचा अंदाज लागत नाही. पूर्वी काही ठिकाणी आठवड्यात कमी पण मोठ्या सिटिंग द्यायचे आणि एकूण डोस त्वचेच्या लालीवरून जुळवायचे, लाली सारखीच यायची पण पुढे कडकपणा आणि आखडणं जास्त निघालं.

दोन फ्रॅक्शनमध्ये दुरुस्तीला वेळही पुरा हवा. दिवसातून दोनदा द्यायचं असेल तर निदान सहा तासांचं अंतर ठेवतात. ब्रिटनमधल्या चार्ट पद्धतीत दिवसातून तीनदा १.५ ग्रे, सहा-सहा तासांनी, सलग १२ दिवस असं ५४ ग्रे द्यायचे, आणि तिच्या सुरुवातीच्या अभ्यासात काही रुग्णांच्या मज्जारज्जूला सुरक्षित मानलेल्या डोसातच इजा झाली. मज्जारज्जूची दुरुस्ती संथ असते, सहा तास तिला पुरले नाहीत असाच अर्थ लावला जातो.

आता ऑक्सिजन. रेडिएशनने पेशीत मुक्त मूलकं तयार होतात, आणि त्याच क्षणी ऑक्सिजन हजर असेल तर डीएनएवरची इजा पक्की होऊन बसते. ऑक्सिजन नसलेल्या, म्हणजे हायपॉक्सिक पेशींना मारायला साधारण अडीच ते तीनपट डोस लागतो. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या ट्यूमरचे छेद तपासले तेव्हा मेलेल्या गाभ्याभोवती जिवंत पेशींची कड १८० मायक्रॉनच्या पुढे कुठेच नव्हती, म्हणजे रक्तपुरवठ्यापासून तेवढ्या अंतरात ऑक्सिजन संपतो. त्या हद्दीवरच्या अर्धमेल्या पेशी हीच खरी डोकेदुखी.

ढोबळ आकडे घेऊ, ट्यूमरमध्ये १०० कोटी पेशी, त्यातल्या एक टक्का, म्हणजे १ कोटी, हायपॉक्सिक. २ ग्रेला ऑक्सिजनवाल्या पेशी निम्म्या उरतात असं धरलं तर ३० सिटिंगनंतर त्यातली जेमतेम एक उरते. हायपॉक्सिक पेशींवर तोच डोस एक तृतीयांशासारखा काम करतो, म्हणून त्या ३० सिटिंगनंतरही साधारण हजारातली एक या दराने उरतात, १ कोटीतून जवळपास दहा हजार. कायम हायपॉक्सिक राहिल्या असत्या तर रोज २ ग्रे देऊन असा ट्यूमर बरा झालाच नसता, आणि प्रत्यक्षात बरे होतात, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदलतं.

ते बदलतं हे व्हान पुटेन आणि कॉलमन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या ट्यूमरवर दाखवलं. उपचाराआधी हायपॉक्सिक पेशी १४ टक्के होत्या. सोमवार ते शुक्रवार रोज १.९ ग्रे देऊन पुढच्या सोमवारी मोजलं तर १८ टक्के. ऑक्सिजनवाल्या पेशीच आधी मरतात, तेव्हा हायपॉक्सिकचं प्रमाण चांगलंच चढायला हवं होतं, ते जवळपास तिथेच राहिलं, याचा अर्थ मधल्या दिवसांत हायपॉक्सिक पेशी ऑक्सिजनच्या टापूत येत होत्या. हे दोन वेगांनी होतं: तात्पुरत्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडणं हे तासाभराचं काम, आणि मेलेल्या पेशी आटून अंतर कमी होणं याला दिवस लागतात. म्हणून एकाच मोठ्या डोसात ही संधी वाया जाते. माणसाच्या प्रत्येक ट्यूमरमध्ये हे तितक्याच चपळाईने होतं असं मात्र धरता येत नाही, सुईसारख्या इलेक्ट्रोडने किंवा खास पेट स्कॅनने मोजल्यावर काही ट्यूमर उपचारभर हायपॉक्सिकच राहिलेले दिसतात आणि त्यांचे निकाल वाईट येतात.

कोर्स हवा तेवढा लांबवताही येत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात, एकेका जादा दिवसाला सुमारे ०.६ ग्रे वाया जातात असा अंदाज. मशीन बंद पडून सिटिंग चुकली तर कोर्स पुढे ढकलण्याऐवजी शनिवारी, किंवा सहा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा देऊन ती भरून काढतात ती याचसाठी.

सगळ्याच ट्यूमरला १० चा आकडा लागू पडत नाही. प्रोस्टेटसाठी तो १.५ च्या आसपास असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे, स्तनाच्या कॅन्सरसाठी ४ च्या जवळ, मग बारीक तुकडे पाडून शेजाऱ्याला जे वाचवायचं ते ट्यूमरलाही वाचवल्यासारखं होतं. म्हणूनच स्तनासाठी ब्रिटनमध्ये आधी १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे आले आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये पाच फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रे त्याच तोडीचे ठरले.