रेट्रोव्हायरसचा डीएनए गुणसूत्रात नेमका कुठे बसतो? पॅरिसच्या जनुकोपचार चाचणीमागची पार्श्वभूमी

रेट्रोव्हायरस आरएनए घेऊन पेशीत शिरतो, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज त्याची डीएनए प्रत बनवतं आणि इंटिग्रेज ती प्रत यजमानाच्या गुणसूत्रात कायमची बसवतं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. ही प्रत गुणसूत्रात नेमकी कुठे बसते, या प्रश्नाकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झालं आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचा शोध १९७० साली दोन प्रयोगशाळांत एकाच वेळी लागला. १९८१ साली कोंबड्यांच्या लिम्फोमात असं दिसलं की विषाणूचा डीएनए वारंवार मिक या जनुकाशेजारी बसलेला असतो आणि त्यामुळे ते जनुक अवाजवी चालू राहतं. म्हणजे विषाणूच्या शेजारामुळे कर्करोग होऊ शकतो, हे जनुकोपचाराच्या चाचण्या सुरू होण्याआधीच ठाऊक होतं.

तरीही उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूपासून (एमएलव्ही) बनवलेले वाहक सुरक्षित मानले गेले. या वाहकांतून विषाणूची स्वतःची प्रथिनं बनवणारी जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक घातलेलं असतं. त्यामुळे वाहक पेशीत एकदाच बसतो, पुढे पसरत नाही. १९९२ साली उपचार दिलेल्या १० माकडांपैकी ३ माकडांना लिम्फोमा झाला, पण तिथे वाहकात पुनरुत्पादन करू शकणारा विषाणू मिसळलेला सापडला आणि सगळा दोष त्या भेसळीवर गेला. भेसळ टाळली की धोका नगण्य, असा हिशोब रूढ झाला: जीनोम सुमारे ३०० कोटी बेस जोड्यांचा, वाहक पेशीत एक-दोन ठिकाणी बसणार, मग तो नेमका घातक जनुकाजवळ कशाला बसेल?

या हिशोबात दोन चुका होत्या. जीनोममधल्या सगळ्या जागा सारख्याच संभाव्य आहेत, हे कुणी मोजलेलं नव्हतं. शिवाय रुग्णाला एक पेशी दिली जात नाही, लाखो पेशी दिल्या जातात आणि प्रत्येकीत वाहकाची जागा वेगळी असते. त्यांतली एक पेशी बिघडली तरी पुरेसं असतं.

१९९९ साली पॅरिसमध्ये एक्स गुणसूत्राशी जोडलेल्या तीव्र प्रतिकारशक्ती-अभावाच्या बाळांवर उपचार सुरू झाले. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांना वाढीच्या घटकांनी विभाजनाला प्रवृत्त केलं जाई. याचं कारण एमएलव्हीला केंद्रकात शिरण्यासाठी पेशी-विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळावं लागतं. मग या मुलांत सदोष असलेल्या गॅमा-सी जनुकाची चांगली प्रत वाहकाने घालून पेशी परत दिल्या जात. बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती उभी राहिली. उपचारानंतर अडीच-तीन वर्षांनी दोन मुलांना टी-पेशींचा ल्युकेमिया झाला. पुढे पॅरिसमधल्या अशा मुलांची संख्या ४ झाली, त्यांतलं एक दगावलं. लंडनच्या चाचणीत आणखी एका मुलाला तोच आजार झाला. या पाचांपैकी चौघांत वाहक ११व्या गुणसूत्रावरच्या एलएमओ-२ या ल्युकेमियाशी संबंधित जनुकाजवळ बसलेला होता.

हे ओळखण्याची रीत अशी: वाहकाच्या टोकाचा क्रम माहीत असतो, त्याच्या शेजारचा मानवी डीएनए माहीत नसतो. म्हणून डीएनए कापून तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचा जोड लावायचा, दोन्ही ओळखीच्या टोकांच्या मधला भाग पीसीआरने वाढवायचा, वाचायचा आणि जीनोमच्या नकाशावर शोधायचा. जी जागा पुन्हा पुन्हा सापडते ती एकाच पेशीच्या वाढत्या वंशाची. या रीतीची एक मर्यादा आहे. पुनरावृत्तीच्या क्रमांत वाहक बसला असेल, तर जागा ठरवता येत नाही.

चाचणी थांबवायची का, यावर तीव्र मतभेद झाले. फ्रान्सने २००२च्या अखेरीस ती थांबवली आणि अमेरिकेच्या नियामकांनी जानेवारी २००३ मध्ये अशा २७ चाचण्यांना स्थगिती दिली. ब्रिटनने मात्र प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करून उपचार चालू ठेवले. थांबवण्याच्या बाजूचा युक्तिवाद सरळ होता: कारण कळेपर्यंत नव्या मुलाला धोक्यात घालू नये. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. जुळणारं भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बहुतेक मुलं वाचतात, पण जुळणारा दाता नसलेल्या बाळासाठी प्रत्यारोपण हाही मोठा जुगारच होता आणि वाट पाहायला त्याच्याकडे वेळ नव्हता. फ्रान्सने २००४ मध्ये उपचार पुन्हा सुरू केले आणि २००५च्या जानेवारीत तिसरा रुग्ण सापडल्यावर परत थांबवले. माझ्या मते ब्रिटनची भूमिका अधिक प्रामाणिक होती, कारण तिने धोक्याची तुलना त्या विशिष्ट मुलाच्या पर्यायांशी केली.

२००३च्या जूनमध्ये मोजमाप आलं. एमएलव्हीच्या सुमारे २० टक्के जागा जनुकांच्या सुरुवातीच्या ५ हजार बेस जोड्यांच्या आत होत्या. वाटप सारखं असतं तर हे प्रमाण ४-५ टक्के असायला हवं होतं. कारण २०१३ साली स्पष्ट झालं. एमएलव्हीचं इंटिग्रेज पेशीतल्या बीईटी प्रथिनांना धरतं आणि ही प्रथिनं चालू प्रवर्तकांवर, म्हणजे जनुक जिथून सुरू होतं त्या क्रमांवर, आणि जनुकाचं काम वाढवणाऱ्या वर्धक क्रमांवर बसलेली असतात. एचआयव्हीचं इंटिग्रेज दुसऱ्या एका प्रथिनाला धरून चालू जनुकांच्या आतल्या भागात जातं, म्हणून त्याच्या वाहकांकडे कल वळला.

वाहक शेजारच्या जनुकाला चेतवतो तो टोकांवरच्या एलटीआर या क्रमातल्या वर्धकामुळे. हा वर्धक यू-३ भागात असतो. विषाणूच्या आरएनएमध्ये यू-३ फक्त ३' टोकाला, म्हणजे शेवटाकडे, असतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज डीएनए बनवताना एका टोकावरून दुसऱ्या टोकावर दोनदा उडी घेतं. या उड्यांमुळे ३' टोकाच्या यू-३ची प्रत दोन्ही टोकांना पोहोचते आणि तयार डीएनए मूळ आरएनएपेक्षा लांब होतो. म्हणून वाहक ज्यावरून बनवतात त्या वर्तुळाकार डीएनएमध्ये, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये, ३' टोकाच्या यू-३मधला वर्धक कापला, की पेशीत बसलेल्या डीएनएच्या दोन्ही टोकांचा वर्धक आपोआप जातो. ५' टोकाचा वर्धक प्लाझ्मिडमध्ये तसाच राहतो, त्यामुळे वाहक बनवताना आरएनए तयार व्हायला अडचण येत नाही. आतल्या जनुकाला मात्र आता स्वतःचा प्रवर्तक द्यावा लागतो.

असाच वर्धक कापलेला एमएलव्हीचा वाहक वापरून ९ मुलांवर केलेल्या उपचारांचा अहवाल २०१४ मध्ये आला. ८ मुलं जगली, एक आधीच्या विषाणुसंसर्गाने गेलं आणि अहवालापर्यंत कुणालाही ल्युकेमिया झाला नाही. इंटिग्रेज तेच होतं, त्यामुळे जागांची निवड बदलली नव्हती. कर्करोगाशी संबंधित जनुकांजवळ वाहक बसलेल्या पेशींचा वंश मात्र पूर्वीसारखा फुगला नाही.

तरी हा प्रश्न संपलेला नाही. मेंदूच्या एका आनुवंशिक विकारावरच्या एचआयव्ही-आधारित वाहकाच्या टोकांतले वर्धक काढलेले होते, पण आतला प्रवर्तक एमएलव्हीच्या कुळातल्या एका विषाणूच्या यू-३वरूनच घेतलेला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ६७ मुलांपैकी ७ मुलांना रक्ताचा कर्करोग झाला आणि अनेकांत वाहक एमईसीओएम या रक्ताच्या कर्करोगाशी संबंधित जनुकात बसलेला होता. वर्धक टोकाकडून आत आला, तरी तो शेजारच्या जनुकापर्यंत पोहोचतोच.

मुंबईत विकसित झालेल्या आणि २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कार-टी उपचारातही, म्हणजे रुग्णाच्या टी-पेशींत जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला लावणाऱ्या उपचारात, एचआयव्ही-आधारित वाहकच वापरला जातो. तिथे पेशी परिपक्व टी-पेशी असतात, मूळ पेशी नसतात, त्यामुळे हा धोका कमी मानला जातो. अशा उपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवण्याची शिफारस आहे. वाहकाच्या जागांची यादी ठरावीक काळाने काढून एखाद्या वंशाचा वाटा सतत वाढतो आहे का, हे त्यात पाहता येतं.