‘दोन पिशव्या’ म्हणजे निर्धास्त?

“जुळी आहेत, पण रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या पिशव्या लिहिल्यात. मग दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी कशाला?”

कारण पिशवीपेक्षा बाळाला पोसणारी वार महत्त्वाची. बाळं दोन पिशव्यांत असूनही वार एकच असू शकते आणि सामाईक वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहू लागलं, की देणाऱ्याचं गर्भजल आटतं, घेणाऱ्याचं वाढतं. सामाईक वारेच्या शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा गरोदरपणांत हे घडतं.

वार एक की दोन, हे ठरवायची उत्तम वेळ ११ ते १३ आठवडे. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे पाहायचं. तिथे वारेचा त्रिकोणी कोंब पडद्यात घुसलेला दिसला, तर दोघांची वार वेगळी (याला लॅम्डा खूण म्हणतात). पातळ पडदा इंग्रजी T सारखा काटकोनात टेकला, तर वार एक. पुढे हा कोंब पुसट होतो, म्हणून विसाव्या आठवड्यात ‘आता बघू’ म्हणणं मला पटत नाही.

वार वेगळी असेल तर २० आठवड्यांपासून साधारण महिन्याने तपासणी पुरते. एकच असेल तर १६ पासून दर दोन आठवड्यांनी. समजा, १६ व्या आठवड्यात दोन्हीकडे पाणी ४ सेंमी खोल होतं. अठराव्यात एकीकडे दीड, दुसरीकडे नऊ. दोनपेक्षा कमी आणि आठपेक्षा जास्त, म्हणजे त्याच दिवशी गर्भ-उपचार केंद्राकडे. महिन्याची तारीख असती, तर हे विसाव्यात कळलं असतं.