ऑप्शन विकायचे असतील तर: एफ अँड ओ सेगमेंटची पात्रता, कागदपत्रं आणि युरोपियन पद्धतीत विकणाऱ्याची जोखीम

डिमॅट खातं आहे, थोडे शेअर आहेत आणि आता ऑप्शन विकून दर महिन्याला प्रीमियम घ्यायचा विचार आहे, अशा वाचकांसाठी ही माहिती आहे. वर्धा, यवतमाळ, वाशीमकडच्या खेड्यांत शेतीचं उत्पन्न असणाऱ्यांचा अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी पाहू. त्यानंतर त्याहून महत्त्वाचा भाग. यूट्यूबवरचे बरेच धडे अमेरिकन बाजारावरून घेतलेले असतात आणि तिथली भीती इथे लागू होत नाही. इथली भीती वेगळी आहे आणि ती महिन्याच्या एकाच दिवशी येते.

पात्रता आणि कागदपत्रं

वय १८ पूर्ण, पॅन आधारशी जोडलेलं, केवायसी पूर्ण आणि खात्यावर स्वतःचा मोबाइल व ईमेल असला पाहिजे. नुसते शेअर घेण्या-विकण्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागत नाहीत. फ्युचर आणि ऑप्शनच्या, म्हणजे एफ अँड ओ किंवा डेरिव्हेटिव्ह सेगमेंटसाठी मात्र तो लागतो. पुढीलपैकी एक पुरेसा असतो: आयकर विवरणपत्राची पोच, फॉर्म १६, पगारपत्रक, मागच्या ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, डिमॅटमधल्या शेअरचं होल्डिंग स्टेटमेंट किंवा सीएने दिलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट.

शेतकऱ्याकडे फॉर्म १६ नसतो आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्र भरलेलंच नसतं. त्यांच्यासाठी सोपा मार्ग बँक स्टेटमेंटचा. ते पासबुकचा मोबाइलवर काढलेला फोटो नसावं. नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी दिसेल अशी पीडीएफ किंवा शाखेचा शिक्का असलेली प्रत लागते. जिल्हा सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेत जाऊन शिक्का घेतलेला बरा, कारण ऑनलाइन स्टेटमेंटची सोय सगळीकडे नसते. कापसाचा चुकारा ज्या महिन्यांत जमा झाला ते महिने त्या ६ महिन्यांत येतील असं पाहावं. ऑगस्टमध्ये काढलेल्या स्टेटमेंटमध्ये बहुधा पेरणीचा खर्च आणि पीककर्जाची जमा एवढंच दिसतं, आणि कर्जाची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला किंवा सातबारा चालेल का, हे ब्रोकरला आधी विचारा. तयार यादीत ते सहसा नसतात.

अर्ज ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये ‘सेगमेंट’ या भागातून होतो. एफ अँड ओ निवडायचं, पुरावा अपलोड करायचा, आधारच्या ओटीपीने ई-साइन करायचं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं दोन: स्टेटमेंटवरचं नाव पॅनशी जुळत नाही (वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर), किंवा पीडीएफला पासवर्ड आहे आणि तो दिलेला नाही.

याच वेळी डीडीपीआयवरही सही करून टाका. या परवानगीमुळे तुमच्या डिमॅटमधले शेअर विक्रीच्या पूर्ततेसाठी ब्रोकरला काढता येतात. ती सक्तीची नाही, पण ऑप्शन विकणाऱ्याला तिची गरज का पडते ते पुढे येईल.

दोन पद्धती

कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, पुट म्हणजे तसाच विकण्याचा. तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक आणि करार संपण्याचा दिवस म्हणजे एक्स्पायरी. अमेरिकन पद्धतीत ऑप्शन घेणारा आपला हक्क एक्स्पायरीपर्यंत कोणत्याही दिवशी वापरू शकतो. युरोपियन पद्धतीत फक्त एक्स्पायरीच्या दिवशी. नावांचा भूगोलाशी संबंध नाही. अमेरिकेत एकेका कंपनीवरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे आहेत, तर एस अँड पी ५०० निर्देशांकावरचे एसपीएक्स युरोपियन. आपल्याकडे निर्देशांकावरचे ऑप्शन पहिल्यापासून युरोपियन आहेत. शेअरवरचे २००१ मध्ये सुरू झाले तेव्हा अमेरिकन होते आणि करारावर CA, PA असं लिहिलेलं असे. जानेवारी २०११ च्या करारांपासून एनएसईने तेही युरोपियन केले. आज स्क्रीनवर CE, PE दिसतं, त्यातला E याच पद्धतीचा.

विकणाऱ्याला यातून काय फरक पडतो ते एका काल्पनिक कंपनीवर पाहू. शेअर ४१०, लॉट १,००० शेअरचा. तुम्ही ४२० चा कॉल १२ रुपयांना विकला आणि १२,००० रुपये मिळाले. एक्स्पायरीला १२ दिवस असताना शेअर ४५० वर गेला आणि उद्यापासून तो ६ रुपये लाभांश वजा होऊन मिळणार आहे.

हा करार अमेरिकन पद्धतीचा असता, तर आजची रात्र धोक्याची. कॉलमध्ये उरलेल्या दिवसांची किंमत समजा २ रुपये आहे. घेणाऱ्याने आज हक्क वापरला तर ते २ जातात, पण शेअर हातात आल्याने ६ रुपये लाभांश मिळतो. हिशोब कळणारा माणूस आजच हक्क वापरतो. तुम्हाला सकाळी समजतं की १,००० शेअर ४२० ने द्यायचे आहेत. शेअर जवळ नसतील तर तुम्ही ते न घेताच विकल्यासारखे होता, आणि ६,००० रुपये लाभांशही तुमच्याच खिशातून जातो. कोणत्या विक्रेत्यावर ही जबाबदारी येणार हे तिथे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. म्हणून अमेरिकेतला विक्रेता लाभांशाच्या तारखा पाठ ठेवतो आणि कॉलमध्ये उरलेली काळाची किंमत लाभांशापेक्षा कमी झाली की सौदा बंद करतो. खोल पैशात गेलेल्या, म्हणजे आत्ता वापरला तर बराच फायदा देईल अशा पुटचीही तीच गत. घेणारा शेअर लवकर देऊन पैसे उचलतो, कारण त्या पैशावर व्याज मिळतं.

एनएसईवर त्या रात्री काहीच होत नाही. घेणाऱ्याला हक्क वापरताच येत नाही, फार तर तो कॉल बाजारात विकू शकतो. उद्या शेअर ६ रुपयांनी खाली येणार हे सगळ्यांना माहीत असल्याने कॉलचा भाव आधीच कमी झालेला असतो. शेअर ४५० आणि स्ट्राइक ४२०, म्हणजे फरक ३० चा, तरी कॉल २७ ला दिसू शकतो. ही स्क्रीनची चूक नाही आणि फुकटचा पैसाही नाही. (विशेष मोठा लाभांश असेल तर एक्स्चेंज स्ट्राइकच तेवढी खाली आणतं. नेहमीच्या लाभांशाला आणत नाही.)

तेव्हा मधल्या दिवसांत आपल्याकडच्या विक्रेत्याला दोनच गोष्टी छळतात: वाढत जाणारं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकरकडे अडकवून ठेवायची रक्कम, आणि विकलेला ऑप्शन परत घेताना द्यावा लागणारा भाव. खोल पैशात गेलेल्या स्ट्राइकवर खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी दरी पडते, त्यामुळे बाहेर पडणं जितकं लांबवाल तितकं महाग पडू शकतं. मार्जिनचा किमान निम्मा भाग रोख किंवा रोखीसारखा लागतो, नुसते शेअर तारण ठेवून रात्रीचा सौदा चालत नाही.

सगळी जोखीम एका दिवसावर

ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरच्या सगळ्या ऑप्शनांची पूर्तता शेअर देऊन-घेऊन होते. निर्देशांकावरच्या ऑप्शनचा निकाल पैशात लागतो, तिथे हा भाग नाही. शेअरच्या ऑप्शनमध्ये एक्स्पायरीच्या दिवसाचा कॅश बाजारातला बंद भाव पाहतात. तो भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. त्या भावाने पैशात असलेला प्रत्येक ऑप्शन आपोआप वापरला जातो.

पुट विकणाऱ्याचं गणित इथे चुकतं. ३८० चा पुट विकताना मार्जिन कराराच्या रकमेचा एक छोटा भाग असतो. शेअर ३५० वर बंद झाला तर १,००० शेअर ३८० ने घ्यावेच लागतात, म्हणजे ३,८०,००० रुपये लागतात. तोटा ३०,००० चाच (त्यातून मिळालेला प्रीमियम वजा), पण पैसा पूर्ण लागतो. तो नसेल तर ब्रोकर एक्स्पायरीच्या दिवशी स्वतःच सौदा कापतो, आणि त्या वेळी मिळेल तो भाव तुमचा.

अजून फसवा प्रकार स्प्रेडचा. समजा ४२० चा कॉल १२ ला विकला आणि बचाव म्हणून ४४० चा कॉल ५ ला घेतला. हातात ७ रुपये, म्हणजे ७,००० आले. कागदावर जास्तीत जास्त तोटा १३,०००. शेअर ४५० वर बंद झाला तर दोन्ही कॉल पैशात असतात, एकाचे शेअर येतात, दुसऱ्याचे जातात आणि हिशोब खरंच १३,००० वर थांबतो. पण शेअर ४३२ वर बंद झाला तर? विकलेला कॉल पैशात आहे, घेतलेला शून्य. आता १,००० शेअर ४२० ने द्यायचे आहेत आणि बचाव संपलेला आहे. कागदावर तोटा १२ वजा ७, म्हणजे फक्त ५,०००. शेअर मात्र द्यावे लागतातच. डिमॅटमध्ये नसतील तर ते एक्स्चेंजच्या लिलावातून घेतले जातात. लिलावात ४४५ भाव पडला तर आणखी १३,००० जातात, वर दंड वेगळा. ‘मर्यादित’ म्हटलेला तोटा १८,००० वर जातो. अमेरिकेत स्प्रेडची एक बाजू मध्येच निघून जाण्याची भीती असते. आपल्याकडे ती मध्ये निघत नाही, शेवटच्या दिवशी शेअर दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला की निघते.

शेअर जवळ ठेवून कॉल विकणाऱ्यालाही काम उरतंच. शेअर डिमॅटमध्ये आहेत एवढं पुरत नाही, ते बाहेर काढायला परवानगी लागते. डीडीपीआय नसेल तर प्रत्येक वेळी टीपिन आणि ओटीपी टाकून परवानगी द्यावी लागते, तीही ठरलेल्या वेळेत. गावात रेंज गेली किंवा लाइट गेल्याने टॉवर बंद पडला, तर शेअर असूनही ते वेळेत पोहोचत नाहीत आणि लिलाव लागतो. शेअर मार्जिनसाठी तारण ठेवले असतील तर ते आधी सोडवावे लागतात. त्याला किती दिवस लागतात हे ब्रोकरकडून सौदा करण्याआधीच विचारून घ्या.

अमेरिकन शेअरवर ऑप्शन विकता येतील का?

परदेशी पैसे पाठवण्याच्या आरबीआयच्या एलआरएस योजनेतून तिकडचे शेअर घेता येतात, पण परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी पैसे पाठवायला मनाई आहे. ऑप्शन विकायला मार्जिन लागतंच. त्यामुळे इथे राहणाऱ्याने त्या वाटेने पैसे पाठवून तिकडे ऑप्शन विकणं नियमात बसत नाही, कुणी एजंट काहीही सांगो.

एक्स्पायरीच्या आठवड्यात

चार दिवस आधी अ‍ॅपमध्ये पोझिशन उघडा आणि पैशात असलेले किंवा त्याच्या जवळ आलेले शेअर-ऑप्शन वेगळे काढा. प्रत्येकापुढे लॉट गुणिले स्ट्राइक ही रक्कम लिहा. तेवढे पैसे किंवा शेअर देण्याची तयारी नसेल तो सौदा आदल्या दिवसापर्यंत बंद करा. स्प्रेड असेल तर दोन्ही बाजू एकदम काढा, आधी विकलेली, मग घेतलेली. शेवटच्या अर्ध्या तासावर काही सोडू नका, कारण बंद भाव त्याच अर्ध्या तासात बनतो आणि ४२१ व ४१९ यांतला फरक तुम्हाला स्क्रीनवर तीन वाजून एकोणतीस मिनिटांनीही नक्की सांगता येत नाही.