पार्श्वभूमी : विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि उद्योगाचे प्रमाणन

सायबर सुरक्षेत नव्याने येऊ पाहणाऱ्याने विद्यापीठाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करावा की ‘सिक्युरिटी प्लस’सारखी परीक्षा द्यावी, हा वाद बहुधा एका शब्दापाशीच अडतो. बोलताना आपण दोन्हींना ‘सर्टिफिकेट’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘सर्टिफिकेट’ आणि ‘सर्टिफिकेशन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. येथे पहिल्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्याला प्रमाणन म्हटले आहे. प्रमाणपत्र सांगते की धारकाने अमुक अभ्यासक्रम पुरा केला, आणि तेथे शिकवणारी व तपासणारी संस्था सहसा एकच असते. प्रमाणन सांगते की धारक आज अमुक काम करण्यास पात्र आढळला, मग तो कोठे का शिकलेला असेना. प्रत्यक्षात ही रेषा थोडी पुसट आहे, कारण नैतिक हॅकिंगच्या एका प्रसिद्ध परीक्षेला बसण्यासाठी अधिकृत प्रशिक्षण किंवा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

सीआयएसएसपी हे प्रमाणन १९९४ मध्ये सुरू झाले, पण ते अनुभवी लोकांसाठी होते. नवख्यांसाठीची सिक्युरिटी प्लस २००२ मध्ये आली. तिला खरे वजन आले ते २००५ च्या अखेरीस, जेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माहिती सुरक्षेच्या कामांसाठी मान्य प्रमाणनांची यादी नियमावलीतच घातली. यादीतल्या प्रमाणनांना व्यक्तींच्या प्रमाणनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, म्हणजे आयएसओ १७०२४ ची, अट होती. त्या मानकानुसार धारकाची पात्रता वेळोवेळी पुन्हा तपासावी लागते.

येथूनच २०१० चा वादग्रस्त निर्णय आला. तोवर सिक्युरिटी प्लस एकदा मिळाली की आयुष्यभराची होती. त्या वर्षी जानेवारीत परीक्षा घेणाऱ्या संघटनेने जाहीर केले की यापुढे तिची मुदत तीन वर्षांची राहील, आणि हा नियम जुन्या धारकांनाही लागू होईल. ‘आजन्म’ म्हणून विकलेली वस्तू मागाहून मुदतीची करणे हा विश्वासभंग आहे, असा गदारोळ उठला, आणि तो रास्तच होता. थोड्याच दिवसांत संघटनेने पाऊल मागे घेतले : ३१ डिसेंबर २०१० पर्यंत मिळवलेले प्रमाणन कायम राहील, त्यानंतरचे तीन वर्षांत नव्याने करावे लागेल. त्यामुळे २०१० च्या डिसेंबरात उत्तीर्ण झालेल्याची मान्यता आजही कायम आहे, आणि महिन्याभराने त्याच धर्तीची परीक्षा दिलेल्याला मात्र दर तीन वर्षांनी पन्नास गुणांकांचे पुढचे शिक्षण किंवा फेरपरीक्षा, शिवाय शुल्क, असा व्याप सांभाळावा लागतो. विद्यापीठाच्या प्रमाणपत्राला ही मुदत नसते. पण म्हणून ते अधिक टिकाऊ ठरत नाही, कारण ते आजच्या पात्रतेबद्दल काही बोलतच नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नव्या नियमावलीने पायाभूत पात्रतेसाठी प्रमाणनाबरोबर शिक्षण आणि मान्य प्रशिक्षण यांनाही वाट मोकळी केली. तरीही शिक्षण म्हणजे तेथे पदवी. कोणताही छोटा अभ्यासक्रम त्यात आपोआप बसत नाही.

भारतात मोजमाप श्रेयांकांचे, म्हणजे क्रेडिटचे, आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे अध्ययन, आणि एका वर्षाचे चाळीस श्रेयांक. समजा, पुण्यात आठ वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्या एकीने सुरक्षा निरीक्षण केंद्रातील पहिल्या पातळीच्या विश्लेषकाच्या जागेसाठी तयारी आरंभली. शनिवार-रविवार मिळून आठवड्याला सहा तास, असे सव्वीस आठवडे म्हणजे १५६ तास, जेमतेम पाच श्रेयांक. ते श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय पेढीत जमा होणार का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे लागते, कारण विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेले सगळेच अभ्यासक्रम श्रेयांक देत नाहीत.

दुसरीकडे सिक्युरिटी प्लसच्या सध्याच्या आवृत्तीत नव्वद मिनिटांत कमाल नव्वद प्रश्न असतात आणि १०० ते ९०० च्या मापावर ७५० ची रेषा आहे. मोजकेच प्रश्न कृतीवर आधारलेले, बाकी बहुपर्यायी. मुलाखतीत मात्र तिच्यापुढे विंडोजमधील घडामोडींची नोंदवही, म्हणजे इव्हेंट लॉग, ठेवली जाऊ शकते : एकाच पत्त्यावरून 4625 या क्रमांकाच्या चाळीस नोंदी, म्हणजे फसलेली लॉगिन, आणि लगेच त्याच खात्यावर 4624, म्हणजे यशस्वी लॉगिन. पासवर्ड ओळखला गेला असावा, हे तिला सांगता आले पाहिजे, आणि पुढे ते खाते कोठे कोठे वापरले गेले, हे कसे शोधायचे तेही. नुसते बहुपर्यायी प्रश्न सोडवून हा सराव होत नाही. अभ्यासक्रमात अशा नोंदी वाचायला लावणारी आणि तपासून गुण देणारी प्रयोगशाळा असेल, तर तो आधी करून परीक्षा नंतर देणे तिला परवडते. फक्त ध्वनिचित्रित व्याख्याने असतील, तर परीक्षा आधी द्यावी आणि वाचलेल्या शुल्कातून घरीच दोन आभासी यंत्रे उभारून या नोंदी स्वतः तयार करून वाचाव्यात.