किंचाळलं की काच फुटते?

"गायिकेनं खूप वरचा सूर लावला की कुठलाही ग्लास फुटतो, हे खरं का?"

नाही, मित्रांनो. सूर उंच असून भागत नाही, तो त्या ग्लासाचाच असावा लागतो. पातळ काचेच्या, दांड्याच्या ग्लासाला बोटानं टिचकी मारा. जो 'टिंग' ऐकू येतो, तोच त्याचा सूर. मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर समजा तो 560 हर्ट्झ दिसला. आता स्पीकरमधून 560 वाजवला, की काठ दर कंपनाला किंचित लंबगोल होतो आणि प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिळतो. झोपाळ्याला वेळेवर ढकलल्यासारखं. वाकणं काचेला झेपेनासं झालं, की एखाद्या बारीक चरेपासून तडा जातो. 580 वाजवा, काहीच होणार नाही.

ग्लासात कागदी स्ट्रॉ उभा ठेवा. तो थरथरला, की सूर जुळला. इथं मंचावर आम्ही एवढंच दाखवणार. फोडायला 100 डेसिबलच्या वर आवाज लागतो, शिवाय काचा उडतात.

आणि आपल्या मिसळीच्या टेबलावरचा जाड ग्लास? टिचकी मारून बघा, नुसतं 'टक्' होतं. त्याचं कंपन लगेच विरतं, म्हणून अख्खं कोल्हापूर ओरडलं तरी तो शाबूत.