घरगुती काळ्या मसाल्याची अन्नसुरक्षा नोंदणी (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत उन्हाळा लागला की घरोघर मिरच्यांचे देठ खुडले जातात आणि वर्षाचा काळा मसाला होतो. शेवभाजीचा रस्सा याच मसाल्यावर उभा राहतो. घरच्यापुरता दोन किलो करणारी बाई शेजारणींसाठी पाच किलो करू लागते, मग दुकानदार पाकिटे मागतो आणि पाकिटावर छापायला नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही मागतो. तिथून पुढचा प्रवास, म्हणजे नोंदणी, स्वच्छतेचा रोजचा क्रम आणि वह्या, हा या नोंदीचा विषय. पापड, बिबड्या, कुरडया यांनाही यातले बरेच लागू पडते. जेवणाच्या डब्याच्या व्यवसायाची तऱ्हा मात्र वेगळी आहे.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा असून त्याखालील परवाना व नोंदणी विनियम २०११ मध्ये लागू झाले. अधिनियमाने लहान उत्पादकाला परवान्यातून सूट दिली, पण नोंदणी सक्तीची केली. लहान म्हणजे वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत आणि उत्पादनक्षमता दिवसाला १०० किलोपर्यंत, अशी मूळ मर्यादा विनियमांनी घातली. मर्यादा, शुल्क आणि मुदत यांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी foscos.fssai.gov.in या पोर्टलवर जे दिसेल तेच धरावे. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

अर्ज स्वतः सोपा आहे. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा भाडेकरार, आणि काय बनवणार त्याची यादी एवढ्यावर तो भरता येतो. चूक होते ती व्यवसायाचा प्रकार निवडताना. मसाला बनवणारी बाई विकतेही, म्हणून ती 'किरकोळ विक्री' निवडते आणि हाती आलेल्या प्रमाणपत्रात उत्पादनाचा उल्लेखच राहत नाही. मसाला हे उत्पादन, डबा ही अन्नसेवा; दोन्ही करत असल्यास दोन्ही नोंदवावे. अर्ज दाखल झाल्यावर सात दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा तपासणीची सूचना येते. मिळालेल्या क्रमांकाचा पहिला आकडा २ असेल तर ती नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे १५ हे महाराष्ट्राचे आणि त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. दुसऱ्याच्या पाकिटावरचा क्रमांक उचलून छापणाऱ्यांची चोरी कधी कधी इथेच पकडली जाते.

क्रमांक मिळाला म्हणजे मसाला सुरक्षित झाला असे नाही, आणि मसाल्याचा धोका डब्यातल्या भाजीसारखा नसतो. भाजी काही तासांत आंबते, बहुधा नाकाला कळते. मसाला कोरडा असल्यामुळे त्यात जंतू वाढत नाहीत, पण साल्मोनेलासारखे जंतू कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळाले की उठतात. म्हणून या स्वयंपाकघरात स्वच्छता म्हणजे पाण्याचे हात मारणे नव्हे. कढया आणि पराती आदल्या दिवशी साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या; कामाच्या दिवशी फक्त कोरडा ब्रश आणि कोरडे फडके. ओल्या परातीत ओतलेल्या मसाल्याला तिथेच गाठी धरतात.

दुसरी गोष्ट भाजण्याची रेघ. धने, मिरची, खडा मसाला कढईत भाजला की बरेच जंतू मरतात. त्यानंतर जे काही पडेल ते मारायला पुढे काहीच उरत नाही. म्हणून भाजण्याआधीची पोती, सूप, चाळणी आणि हात वेगळे, भाजल्यानंतरचे वेगळे. घरात हे जमवण्याचा सोपा उपाय म्हणजे वेळ वाटून घेणे: देठ खुडणे, पाखडणे, निवडणे आदल्या दिवशी आटोपायचे, घर झाडून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजायला बसायचे. त्या सकाळी त्याच शेगडीवर घरचा स्वयंपाक नको. सैल दागिने नकोत असा नियम आहे, आणि काचेच्या बांगडीचा प्रश्न इथे नाजूक असतो. बऱ्याच जणी त्या दिवशी बांगड्या काढून ठेवतात किंवा मनगटाला घट्ट इलॅस्टिक असलेली पूर्ण बाही चढवतात. कुटताना काचेचा तुकडा मसाल्यात गेला, तर तो चाळणीत सापडेलच असे नाही.

भाजण्यानेही न जाणारी एक गोष्ट आहे. पावसात भिजलेल्या किंवा अर्धवट वाळलेल्या मिरचीत आतून बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. नंदुरबारच्या बाजारातून आणलेली मिरची असो की गावातली, पोते घेण्यापूर्वी वरची, मधली आणि तळाची मिळून वीसेक मिरच्या मोडून पाहाव्यात. आत राखाडी किंवा काळपट थर आणि कुबट वास आढळला तर भाव कितीही कमी असला तरी पोते परत करावे.

पाण्याचे बोलायचे तर विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये पिण्यायोग्य पाण्याचा अखंड पुरवठा, आणि तो खंडित होत असेल तर पुरेशी साठवण, असे म्हटले आहे. खानदेशात अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी हाच पुरवठा. ती कधी धुतली त्याची तारीख टाकीजवळच्या भिंतीवर नव्हे, वहीत लिहावी; भिंत पुढच्या दिवाळीला रंगते.

सगळ्यात कच्चा दुवा घराबाहेर आहे. मसाला घरात भाजला जातो, पण कुटला जातो गल्लीतल्या डंकावर. तिथे आपल्या आधी कोणाच्या तरी शेंगदाण्याची चटणी कुटलेली असते, कोणाची मिरची असते, आणि मुसळ झिजून लोखंडाचा कीस पडतो. कायद्यात अन्नव्यवसायाच्या व्याख्येत प्रक्रियेचा कोणताही टप्पा येतो, म्हणून डंकवाल्याचीही नोंदणी हवी. त्याचा क्रमांक आपल्या वहीत लिहून घ्यावा. सकाळचा पहिला नंबर मागावा, उखळ समोर ब्रशने झाडून घ्यावे, आपल्याच धन्याचे एक-दोन मूठ आधी कुटून फेकून द्यावे. घरी आल्यावर मसाला चाळावा आणि चाळताना त्यावरून जाड लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला काळी लव चिकटली तर ती कागदावर पुसून वहीत चिकटवणाऱ्या बायका आहेत. डंकवाल्याला दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही. शेंगदाणे कुटले जाणाऱ्या डंकावरच्या मसाल्याच्या पाकिटावर 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' असे लिहावे.

डंकावरून आलेला मसाला हाताला चांगलाच गरम लागतो. तसाच पाकिटात भरला तर आत दव धरते आणि पंधरा दिवसांत गोळे होतात. घरातच, स्वच्छ कपड्याखाली पसरून पूर्ण निवू द्यावा. वावटळीच्या दिवसांत गच्चीवर नेऊ नये.

वह्या तीन पुरतात: आलेल्या मालाची, घाण्याची आणि गेलेल्या मालाची. एक नमुना घेऊ. भुसावळकडच्या एका कल्पित घरात १४ एप्रिलला तिसरा घाणा निघाला. मिरची, धने, सुके खोबरे, तीळ, खडा मसाला, हळद, मीठ, तेल मिळून कच्चा माल २१.४ किलो, तयार मसाला २०.१ किलो. भाजण्यात आणि कुटण्यात १.३ किलो गेले, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. हा आकडा दर घाण्याला लिहिला की त्याचा उपयोग कळतो: एखाद्या घाण्यात घट अचानक तीन टक्क्यांवर आली तर एक तर माल ओला राहिला आहे किंवा डंकावर दुसऱ्याचा मसाला मिसळला आहे. २०० ग्रॅमची १०० पाकिटे भरली आणि उरलेले १०० ग्रॅम त्याच जातीच्या पाकिटात बंद करून कपाटात ठेवले. पाकिटांवर बॅच का-३.

मे महिन्यात चाळीसगावच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, 'काकू, मसाल्याला खवट वास येतोय.' इथे कपाटातले ते १०० ग्रॅम बोलतात. त्यांना वास नसता तर दोष दुकानातला: काचेमागे, उन्हात पाकीट ठेवले असणार. पण त्यांनाही वास होता. आलेल्या मालाच्या वहीत दिसले की का-२ आणि का-३ या दोन्ही घाण्यांत एकाच पाच किलोच्या पिशवीतले खोबरे गेले होते, का-१ आणि का-४ मध्ये वेगळे. का-२ चा राखीव नमुना फोडला, तोही खवट. म्हणजे कारण खोबऱ्याचे जुने तेल. गेलेल्या मालाच्या वहीवरून दोन्ही घाण्यांतली १३७ पाकिटे बाहेर होती, त्यांपैकी ९६ तीन दुकानांत. दुकानदारांना त्याच दिवशी फोन गेले. वही नसती तर चारही घाण्यांची ४०० पाकिटे मागे घ्यावी लागली असती, किंवा बहुधा एकही घेतली गेली नसती.

याच नमुन्यांवरून 'कधीपर्यंत वापरावे' ही तारीख ठरते. दर महिन्याला राखीव पाकीट हुंगून वहीत एक ओळ लिहायची. खोबरे घातलेला मसाला खानदेशच्या उन्हात लवकर खवटतो. काही जणी म्हणूनच खोबरे वगळतात आणि रस्सा करताना ताजे भाजून घाला असे पाकिटावर छापतात. माझ्या मते ही तडजोड चांगली, चवीला आणि हिशेबालाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच, तारखा, किंमत, पत्ता, हिरवे शाकाहारी चिन्ह आणि नोंदणी क्रमांक लागतो. कुटलेला मसाला सुटा विकता येत नाही, त्यामुळे आठवडे बाजारात डब्यातून मोजून देणे बंदच. वजनकाटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारलेला असावा.

परवान्याची वेळ कधी येते? १२० रुपयांच्या १०० पाकिटांचा एक घाणा १२,००० रुपयांचा. मूळ मर्यादेचे बारा लाख म्हणजे असे १०० घाणे. हंगामात ४० घाणे काढणारी बाई ४ लाख ८० हजारांवर थांबते, पण पापड आणि कुरडयांची विक्रीही त्यातच धरायची असते, हे अनेकींच्या लक्षात येत नाही. परवाना घेतल्यावर दर सहा महिन्यांनी मालाची प्रयोगशाळेत तपासणी, काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण या तीन गोष्टी वाढतात. विवरणात वर्षभरात किती किलो बनवले ते विचारतात. घाण्याची वही ज्या घरात आहे तिथे ही बेरीज एका दुपारची. नसेल तिथे सुनेला गेल्या वर्षीची पाकिटांची बिले पिशव्यांतून शोधत बसावे लागते.