विमा एजंटच्या वेबसाइटवरील दावे, अभिप्राय आणि डिस्क्लेमर : मंजुरी नेमकी कुठे अडते

विमा एजंटला आपल्या वेबसाइटवर एखाद्या कंपनीच्या पॉलिसीची जाहिरात करायची असेल, तर मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या विमा कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी लागते. शाखेतून फोनवर मिळालेला होकार पुरेसा नसतो. पानाचा जसाच्या तसा नमुना, नियुक्तीपत्र आणि एजन्सी कोड जोडून मजकूर पाठवावा. सेबीची नोंदणी नसताना स्वतःला ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवून घेऊ नये.

मजकूर अडतो तो बहुधा डिस्क्लेमरपाशी. एक नमुना पाहू. युलिपच्या पानावर ठळक अक्षरांत ग्राहकाचा अभिप्राय आहे : ‘पाच वर्षांत पैसे दुप्पट, तेही खात्रीने.’ तळाशी बारीक इंग्रजीत जोखमीची सूचना आहे. एजंटला वाटते की सूचना दिली म्हणजे जबाबदारी संपली, पण तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा, ठळकपणे दिसावा. आणि मुख्य म्हणजे दिशाभूल करणारा दावा डिस्क्लेमर जोडून दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे ‘दुप्पट’ आणि ‘खात्रीने’ हे शब्द काढावेच लागतात, मग ते ग्राहकाने मनापासून लिहिलेले का असेनात. उरलेला अभिप्राय, उदाहरणार्थ ‘कागदपत्रे नीट समजावून सांगितली’, ठेवता येतो. मात्र त्याचे वाक्य आपल्या मनाने बदलू नये, नवे वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. पॉलिसीचा उल्लेख राहत असेल, तर शेजारीच मराठीत लिहावे : ‘या पॉलिसीतील गुंतवणुकीची जोखीम पॉलिसीधारकाची असते.’ पारंपरिक पॉलिसीच्या लाभाच्या तक्त्यातील ४ आणि ८ टक्के हे दर गृहीत धरलेले असतात. ‘८ टक्के मिळतील’ असे त्यावरून लिहिणे चूकच आहे.

हमखास नसणारा कागद म्हणजे ग्राहकाची संमती. व्हॉट्सअॅपवर आलेले आभाराचे दोन शब्द म्हणजे नाव आणि छायाचित्र छापण्याची परवानगी नव्हे. संमतीपत्रावर अभिप्रायाचे नेमके शब्द, ते कुठे वापरणार हे, तारीख आणि स्वाक्षरी असावी. ग्राहक नातेवाईक असेल, तर तो संबंध अभिप्रायाजवळच सांगावा.

आणि एक कळकळीची सूचना : चांगला अभिप्राय लिहिल्याबद्दल हप्त्यात सूट किंवा कमिशनचा वाटा देऊ करू नका. पॉलिसी घेण्यासाठी वा चालू ठेवण्यासाठी दिलेले प्रलोभन म्हणून त्याकडे पाहिले जाऊ शकते, आणि विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशा सवलतीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मंजुरीनंतर एक शब्द जरी बदलला, तरी ते पान पुन्हा कंपनीकडे पाठवावे.